ट्रसच्या एकाच मेंबरमधलं बल कसं काढायचं: छेद पद्धत आणि शून्य बलाचे मेंबर

भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या शेडमध्ये उभं राहून वर पाहिलं, की पत्र्याखाली अँगलचे त्रिकोणी ट्रस दिसतात. भिंतीपासून पहिलाच उभा अँगल बहुतेक वेळा सगळ्यात आखूड असतो, आणि गणितात त्याच्यावरचं बल शून्य येतं. त्याच ट्रसच्या मधल्या खालच्या टायमध्ये मात्र काही टनांचा ताण असतो. हे दोन्ही निष्कर्ष सगळा ट्रस न सोडवता काढता येतात. पहिल्यासाठी नुसतं निरीक्षण लागतं, दुसऱ्यासाठी एक छेद आणि एक समीकरण.

इथे एकच ट्रस घेऊन तो शेवटपर्यंत वापरू. वेगवेगळ्या आकृत्यांवर वेगवेगळे नियम पाठ केले, तर परीक्षेत आकृती बदलली की गोंधळ उडतो. एक ट्रस नीट पचवला, की पुढचे आपोआप उलगडतात.

आपला ट्रस

गाळा १२ मीटर, मधली उंची ३ मीटर. खालचा टाय सरळ आडवा आहे आणि त्याचे दोन-दोन मीटरचे सहा भाग केले आहेत. खालच्या सांध्यांना डावीकडून ख१ ते ख७ म्हणू. ख१ आणि ख७ हे आधार. ख१ ला पिन, ख७ ला रोलर. वरच्या राफ्टरवरचे सांधे व२ ते व६, प्रत्येक आपापल्या खालच्या सांध्याच्या बरोबर डोक्यावर. व२ ची उंची १ मीटर, व३ ची २, शिखर व४ ची ३, मग पुन्हा उतरत व५ ची २ आणि व६ ची १.

प्रत्येक वरच्या सांध्यातून खाली उभा मेंबर येतो: व२–ख२, व३–ख३, असे पाच. तिरके मेंबर चार आहेत आणि ते वरून खाली मध्याकडे उतरतात: डावीकडे व२–ख३ आणि व३–ख४, उजवीकडे व६–ख५ आणि व५–ख४. हा छपराचा हाऊ ट्रस. पुढे वाचण्याआधी तो कागदावर काढून घ्याच, पाच मिनिटं लागतील. मेंबर मोजा: टायचे ६, राफ्टरचे ६, उभे ५, तिरके ४, एकूण २१. सांधे १२. दोन गुणिले १२ वजा ३ म्हणजे २१, मेंबरही २१. आकृती काढताना एखादी रेघ राहिली असेल, तर ती इथेच लक्षात येईल.

ट्रस एकमेकांपासून ५ मीटरवर आहेत आणि आडव्या क्षेत्रफळावर दर चौरस मीटरला १ किलोन्यूटन भार आहे असं धरू. हा आकडा सोयीसाठी घेतला आहे, डिझाईनचा नव्हे. मग मधल्या प्रत्येक वरच्या सांध्यावर २ × ५ म्हणजे १० चौरस मीटरचा भार येतो, १० किलोन्यूटन, ढोबळमानाने एक टन. दोन्ही टोकांना अर्ध्या भागाचे ५-५ किलोन्यूटन येतात, पण ते आधारावरच पडून थेट खांबात उतरतात. ट्रसच्या आत त्यांचा काही परिणाम नाही, म्हणून ते बाजूला ठेवू. उरले पाच सांध्यांवरचे ५० किलोन्यूटन. ट्रस आणि भार दोन्ही सममित, म्हणून प्रत्येक आधाराची प्रतिक्रिया २५ किलोन्यूटन.

टोकाच्या भारात हमखास चूक होते. प्रतिक्रिया काढताना ते ५ किलोन्यूटन धरले, तर ती ३० येते. मग छेद घेतल्यावर डाव्या तुकड्यावरही ख१ पाशी खाली येणारे ५ दाखवावेच लागतात. एका ठिकाणी धरले आणि दुसऱ्या ठिकाणी विसरले, की सगळी उत्तरं चुकतात.

छेद कुठे घ्यायचा

समजा ख३–ख४ या टायच्या भागातलं बल हवं आहे. छेदाची रेघ त्या मेंबरमधून जायलाच हवी, ट्रसचे पूर्ण दोन तुकडे व्हायला हवेत आणि अज्ञात बलांचे मेंबर शक्यतो तीनच कापले जायला हवेत. तीनच का, तर एका तुकड्याच्या समतोलाची समीकरणं तीनच मिळतात. ख३ आणि ख४ च्या मधून उभी रेघ मारली, की तीन मेंबर कापले जातात: वर राफ्टरचा व३–व४, मध्ये तिरका व३–ख४ आणि खाली आपला टाय.

रेघ सांध्यातून नेऊ नका, ती मेंबरच्या मधोमध जाऊ द्या. सांध्यातून गेली, तर तिथला भार डाव्या तुकड्यात धरायचा की उजव्या, हे ठरत नाही, आणि तो एकदा मोजला जातो, दोनदा किंवा मुळीच नाही.

आता छेदाच्या उजवीकडचा सगळा भाग एका कोऱ्या कागदाने झाका. झाकलेलं सगळं विसरायचं: उजवी प्रतिक्रिया, व४, व५ आणि व६ वरचे भार. दिसतंय तेवढंच आपलं जग: ख१ ची वर ढकलणारी २५ ची प्रतिक्रिया, व२ आणि व३ वरचे खाली येणारे १०-१०, आणि कागदाच्या कडेशी तुटलेली तीन टोकं. त्या प्रत्येक टोकावर तुकड्यापासून बाहेर जाणारा बाण काढा. बाहेर जाणारा बाण म्हणजे मेंबर तुकड्याला ओढतोय, म्हणजेच ताण. सगळ्यांना ताणच धरायचं, आधी अंदाज बांधायचा नाही. उत्तर उणे आलं तर तो दाबात आहे. ही शिस्त पाळली, की चिन्हांचा निम्मा घोळ संपतो.

कोणत्या बिंदूभोवती मोमेंट

सगळी कला इथे आहे. जे बल हवं ते सोडून उरलेली दोन अज्ञात बलं ज्या बिंदूत भेटतात, त्या बिंदूभोवती मोमेंट घ्यायचे. ती दोन्ही बलं त्या बिंदूतून जातात, त्यांचं अंतर शून्य, म्हणून ती समीकरणात येतच नाहीत. १८६०च्या दशकात ऑगस्ट रिटर या जर्मन अभियंत्याने ही रीत मांडली, म्हणून कुठे कुठे तिला रिटरची पद्धत म्हणतात.

टायसाठी उरलेले दोन मेंबर म्हणजे राफ्टर आणि तिरका. ते व३ मध्ये भेटतात. व३ ख१ पासून आडवं ४ मीटरवर आहे आणि टायच्या २ मीटर वर. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवणारा मोमेंट अधिक धरू. प्रतिक्रिया व३ च्या डावीकडे ४ मीटरवरून वर ढकलते, म्हणजे अधिक. व२ चा भार २ मीटर डावीकडून खाली दाबतो, म्हणजे उणे. व३ चा भार त्याच बिंदूतून जातो, म्हणून शून्य. टाय २ मीटर खालून उजवीकडे ओढतो, म्हणजे उणे.

```
२५×४ − १०×२ − ट×२ = ०
ट = ८०/२ = ४०
```

उत्तर अधिक आलं, म्हणून ताण, ४० किलोन्यूटन. एवढंच. टायचं बल हवं होतं, ते एका समीकरणात मिळालं. सांध्यासांध्याने निघालो असतो, तर ख१, ख२, व२ सोडवून मग ख३ पर्यंत पोहोचावं लागलं असतं, आणि वाटेतली एखादी चूक पुढे प्रत्येक सांध्यात उतरली असती.

राफ्टर व३–व४ हवा असेल, तर तिरका आणि टाय ख४ मध्ये भेटतात. ख४ झाकलेल्या भागात आहे, पण त्याने काही बिघडत नाही. मोमेंट कागदावरच्या कुठल्याही बिंदूभोवती घेता येतो, तो बिंदू तुकड्यावर असलाच पाहिजे असं नाही. पुष्कळ जण इथे अडतात.

राफ्टर तिरका असल्यामुळे त्याचं ख४ पासूनचं लंबांतर काढायला त्रिकोणमिती करावी लागेलसं वाटतं. ती टाळायची युक्ती अशी: बल आपल्या रेषेवर कुठेही सरकवता येतं. राफ्टरचं बल व४ पर्यंत सरकवा. व४ हा ख४ च्या बरोबर ३ मीटर वर आहे. तिथे बलाचे आडवा आणि उभा असे दोन घटक केले, तर उभा घटक ख४ मधूनच जातो आणि त्याचा मोमेंट शून्य. उरतो आडवा घटक, अंतर ३ मीटर.

```
२५×६ − १०×४ − १०×२ + आ×३ = ०
आ = −९०/३ = −३०
```

उणे, म्हणजे दाब. राफ्टरचा उतार आडव्या २ ला उभा १, म्हणून पूर्ण बल ३० × √५/२, सुमारे ३३.५ किलोन्यूटन दाब. हा शेवटचा गुणाकार विसरू नका. ३० हा फक्त आडवा घटक आहे, आणि राफ्टरची अँगल निवडायची ती ३३.५ साठी.

तिरका व३–ख४ राहिला. राफ्टर आणि टाय भेटतात थेट ख१ मध्ये, आधाराशी. तिथे मोमेंट घेतला की प्रतिक्रियाही गळते. तिरक्याचं बल ख४ पर्यंत सरकवलं, की त्याचा आडवा घटक टायच्या रेषेतून, म्हणजे ख१ मधून जातो. फक्त उभा घटक उरतो, अंतर ६ मीटर.

```
१०×२ + १०×४ + उ×६ = ०
उ = −६०/६ = −१०
```

तिरका ४५ अंशांत आहे, म्हणून पूर्ण बल १०√२, सुमारे १४.१ किलोन्यूटन दाब.

आता पडताळा. आडव्या दिशेत डाव्या तुकड्यावर टाय ४० ने उजवीकडे ओढतो, राफ्टर ३० ने आणि तिरका १० ने डावीकडे ढकलतात. जुळलं. उभ्या दिशेत प्रतिक्रिया २५ वर, भार २० खाली, राफ्टर १५ खाली, तिरका १० वर. बेरीज शून्य. हा पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे आणि मोमेंटमधली अंतराची चूक नक्की पकडतो, कारण उत्तरं काढताना ही दोन समीकरणं आपण वापरलीच नव्हती.

शून्य बल: नियम दोनच, अटी मात्र पक्क्या

पहिला नियम: एखाद्या सांध्यात दोनच मेंबर येतात, ते एका रेषेत नाहीत आणि तिथे भार किंवा आधार काहीच नाही, तर दोन्ही मेंबर शून्य. दुसरा नियम: सांध्यात तीन मेंबर येतात, त्यातले दोन एका रेषेत आहेत आणि तिथे भार किंवा आधार नाही, तर तिसरा शून्य. कारण साधं आहे. त्या रेषेला लंब दिशेत ओढणारा तो तिसरा एकटाच, त्याला तोलायला समोर कोणी नाही.

आपल्या ट्रसवर हे लावू. ख१ मध्ये दोनच मेंबर येतात, पण तिथे आधार आहे, म्हणून पहिला नियम लागत नाही. आधाराची प्रतिक्रिया हे बाहेरचं बलच आहे, हे घाईत विसरलं जातं. ख२ मध्ये टायचे दोन भाग सरळ रेषेत आणि उभा व२–ख२. भार नाही. म्हणून व२–ख२ शून्य. तसाच उजवीकडे व६–ख६. सगळे भार असताना २१ पैकी एवढे दोनच शून्य निघतात.

खातरजमा छेदाने करता येते. ख२ आणि ख३ च्या मधून छेद घेऊन व२ भोवती मोमेंट घेतला, तर टाय ५० किलोन्यूटन येतो. ख१ आणि ख२ च्या मधून छेद घेतला, तरी ५०च येतो. ख२ मधल्या उभ्या मेंबरचा टायवर काहीच परिणाम नाही, हेच त्यातून दिसतं.

व३–ख३ मात्र शून्य नाही, जरी तोही तसाच उभा आणि त्याच्याही खाली भार नाही. ख३ मध्ये तिरका व२–ख३ येऊन मिळतो, म्हणजे मेंबर चार. तिरका उभ्या दिशेत ५ ने खाली दाबतो आणि व३–ख३ त्याला ५ ने वर ओढून धरतो. नुसतं आकृतीकडे बघून उभे मेंबर शून्य म्हणत गेलं, की इथे फसगत होते. सांध्यातले मेंबर बोटाने मोजा.

एका उतारावरच पत्रे असताना

हीच दोन तंत्रं एकमेकांना कशी साथ देतात, ते पत्रे चढवतानाच्या स्थितीत सगळ्यात छान दिसतं. समजा उजव्या उतारावरचे पत्रे आधी बसले आणि डावा उतार अजून उघडा आहे. पत्र्यासकट सगळा भार उजवीकडेच आहे असं धरून, व५ आणि व६ वर १०-१०, आणि शिखर व४ वर अर्ध्या भागाचे ५. ट्रसचं स्वतःचं वजन सोडून देऊ.

ख२ वर पूर्वीसारखाच दुसरा नियम लागतो, व२–ख२ शून्य. तो आकृतीत पेन्सिलने खोडा आणि पुन्हा बघा. आता व२ मध्ये राफ्टरचे दोन भाग एका रेषेत आणि तिसरा तिरका व२–ख३, भार नाही. तोही शून्य. खोडा. मग ख३ मध्ये टायचे दोन भाग आणि व३–ख३, तोही शून्य. मग व३ मध्ये राफ्टर आणि तिरका व३–ख४ उरतात, तोही गेला. एकामागोमाग एक डावीकडचं सगळं जाळं शून्य झालं. राहिला फक्त राफ्टर आणि टाय. शून्य मेंबर एका फेरीत संपत नाहीत. प्रत्येक खोडल्यानंतर शेजारचा सांधा पुन्हा तपासायचा, तो याचसाठी.

आता छेदाने पाहू. डावी प्रतिक्रिया ख७ भोवती: ५×६ + १०×४ + १०×२ म्हणजे ९०, भागिले १२, म्हणजे ७.५. पूर्वीचाच छेद, ख१ भोवती मोमेंट: डाव्या तुकड्यावर एकही भार नाही, म्हणून तिरक्याचा उभा घटक गुणिले ६ बरोबर शून्य. तिरका शून्य, जे नजरेने काढलं तेच. व३ भोवती टाय: ७.५×४ भागिले २, म्हणजे १५ ताण. राफ्टरचा आडवा घटकही १५ दाब, आणि त्याचा उभा घटक ७.५ प्रतिक्रियेला तोलतो.

शून्य आहे म्हणून काढून टाकायचा का

नाही. शून्य हे त्या भारासाठीचं उत्तर आहे, मेंबरचा स्वभाव नव्हे. उद्या कोणी ख२ ला २ किलोन्यूटनचा डक्ट टांगला, की व२–ख२ मध्ये लगेच २ किलोन्यूटन ताण येतो. तोच डक्ट ख२ आणि ख३ च्या मध्ये टांगला, तर टाय वाकतो, आणि ते वाकणं ट्रसच्या गणितात कुठेच दिसत नाही, कारण आपण भार फक्त सांध्यांवरच धरलेत. टांगायचं असेल तर सांध्यालाच टांगायला सांगा.

वाऱ्याचं कारण याहून मोठं. पुण्यासाठी आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. हलक्या पत्र्याच्या छपरावर वारा वर ओढतो, आणि ती ओढ छपराच्या वजनावर मात करते तेव्हा टाय दाबात जातो. व२–ख२ त्या वेळीही शून्यच राहतो, कारण ख२ वर भार नाहीच. पण तो ख२ ला उभ्या दिशेत जागेवर धरून ठेवतो.

समजा टाय म्हणजे ५०×५०×६ च्या पाठीला पाठ लावलेल्या दोन अँगल, परिभ्रमण त्रिज्या १.५१ सेंटीमीटर. २ मीटर लांबीला सडपातळपणाचं गुणोत्तर सुमारे १३२ येतं. व२–ख२ काढला, तर ख१ ते ख३ अशी ४ मीटर मोकळी लांबी होते आणि गुणोत्तर २६५. आयएस ८०० मध्ये छपराच्या टायला वाऱ्याने बल उलटण्याच्या स्थितीत ३५० ची मर्यादा आहे, तेवढ्याने २६५ नियमात बसल्यासारखं दिसतं. पण लांबी दुप्पट झाली की ऑयलरचा बकलिंग भार चौथाई होतो, म्हणून मर्यादेत आहे एवढ्यावर थांबता येत नाही, दाबाची क्षमता काढून पाहावी लागते. स्वतःच्या वजनाने टाय लोंबतो, तेही लांबी दुप्पट झाल्यावर सुमारे सोळा पट.

एक मात्र ध्यानात ठेवा: व२–ख२ टायला फक्त ट्रसच्या पातळीत धरतो. बाजूला, म्हणजे शेजारच्या ट्रसच्या दिशेने टाय वाकू पाहील, तिथे या उभ्या मेंबरचा काही उपयोग नाही. त्यासाठी खालच्या टायना एकमेकांशी बांधणारं ब्रेसिंगच लागतं, आणि जुन्या शेडची तपासणी करताना ते जागेवर आहे का, हे व२–ख२ च्या आधी बघायला हवं.